शेवटचे पंचवीस दिवस

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा आम्ही प्रथम थोडे संकोचलो. शाळेची स्थापना, पहिल्या खोल्यांच्या भिंती उभारणारे हात, धान्याची पोती पाठवणारे दायक, यांविषयी लिहिण्याचा अधिकार इतरांचा आहे. आम्ही म्हणजे दहावीच्या वर्गाला शिकवणारे आणि रात्रीच्या अभ्यासिकेत त्या मुलामुलींसोबत बसणारे चार-पाच जण. आमच्याकडे सांगण्यासारखे एकच आहे. ते म्हणजे परीक्षेपूर्वी विहाराच्या सभागृहात सतरंजीवर बसून आम्ही दरवर्षी दहावीच्या मुलांशी जे बोलतो ते. अनेक माजी विद्यार्थ्यांनी ते ऐकले आहे. मात्र पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी ते ऐकले आणि गेल्या वर्षी ज्यांनी ऐकले, त्यांनी एकच भाषण ऐकलेले नाही. ते का बदलले, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवावे असे वाटते.

पूर्वी हा कार्यक्रम ७ फेब्रुवारीला, रमाई जयंतीच्या दिवशी होत असे. परीक्षा मार्चच्या पहिल्या दिवशी किंवा त्याच्या आसपास सुरू होई, त्यामुळे हाती तीन आठवडे राहत. २०२५ साली मंडळाने परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू केली, २०२६ साली २० फेब्रुवारीला. आता आम्ही २६ जानेवारीची दुपार धरतो. सकाळी ध्वजवंदनासाठी पालक येतातच. कोणी रात्रपाळी करून थेट यंत्रमागावरून येतो, कोणी गोदामातून अर्ध्या दिवसाची रजा काढून. त्यांना जेवणानंतर थांबवून घेतो. त्या दिवसापासून पहिल्या पेपरपर्यंत पंचवीस दिवस उरतात, आणि पूर्वपरीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका तोवर मुलांच्या हाती आलेल्या असतात. या दोन गोष्टींवरच आमचे सगळे बोलणे उभे आहे.

आधी आमच्या चुकीविषयी. सुरुवातीची कितीतरी वर्षे आम्ही त्या दिवशी भाषणच करीत असू. बाबासाहेबांचे कष्ट, आईबापांचा घाम, शाळेची परंपरा, समाजाची अपेक्षा, सारे एका दमात. शेवटी वर्गातल्या पहिल्या दोघांना उभे करून त्यांच्याकडून वचन घेत असू. टाळ्या होत. एका वर्षी असाच एक मुलगा उभा राहिला. पूर्वपरीक्षेत गणितात नव्वदच्या वर गुण घेतलेला. शाळेचे नाव काढशील ना, असे आम्ही विचारले आणि तो हो म्हणाला. मार्चमध्ये बीजगणिताच्या पेपरला तो पहिली पंचवीस मिनिटे काहीही न लिहिता बसून होता. पुढे जे लिहिले ते घाईने. गणितात त्याला एकसष्ट मिळाले. एकसष्ट गुणांनी कोणाचे आयुष्य उद्ध्वस्त होत नाही. पण तो गुणपत्रिका घ्यायला शाळेत आला नाही. दोन महिन्यांनी त्याची आई आली, आणि कागद घेऊन मान खाली घालून निघून गेली. पुष्कळ वर्षांनी तो स्वतः भेटायला आला. आज तो चांगल्या नोकरीत आहे आणि हे लिहायला त्याने संमती दिली आहे. त्या पंचवीस मिनिटांत काय झाले, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, प्रश्न वाचत होतो, पण प्रश्न दिसतच नव्हता. तुम्ही सगळे दिसत होतात."

त्यानंतर वचन घेणे बंद झाले.

आता आम्ही बोलायला सुरुवात करतो ती एका आकड्याने. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. मुले मनातल्या मनात भागाकार करतात आणि एकमेकांकडे पाहतात. अडतीस टक्केसुद्धा नाहीत. त्या काळी मॅट्रिक होणे हेच किती अवघड होते आणि अस्पृश्य मुलासाठी तर किती दुर्मीळ होते, हे आम्ही लगेच सांगतो. नाहीतर कमी अभ्यासाला चांगले निमित्त मिळाल्याचा आनंद मागच्या रांगेत उमटतो. त्या गुणांसाठी सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. त्याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले. ज्या विहारात आम्ही बसलेलो असतो त्याचा एक धागा त्या पुस्तकापर्यंत जातो. मुलांना एवढेच सांगायचे असते की गुणपत्रिका हे माणसाचे माप घेणारे यंत्र नव्हे. त्या दिवसापर्यंत त्या कागदावर किती उतरले, एवढेच ते सांगते. आणि 'किती उतरले' हा प्रश्न आला की आम्ही उत्तरपत्रिका बाहेर काढायला सांगतो.

पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका मुले सहसा दोनदा पाहतात. एकदा पहिल्या पानावरचे एकूण गुण, दुसऱ्यांदा शेजाऱ्याचे. मग ती ट्रंकेच्या तळाशी जाते. आमच्या मते शेवटच्या महिन्यात तिच्याइतके उपयोगी पुस्तक बाजारात नाही. अपेक्षित प्रश्नसंच सगळ्या महाराष्ट्रासाठी छापलेले असतात. ही उत्तरपत्रिका एकट्या त्याच मुलासाठी तयार झालेली असते.

काही वर्षांपूर्वीच्या एका मुलीची गोष्ट आम्ही दरवर्षी तपशिलाने सांगतो. बीजगणितात तिला चाळीसपैकी तेरा आणि भूमितीत अकरा मिळाले होते. तीन दिवस ती जेवणाच्या पंगतीत नीट जेवली नव्हती. विचारल्यावर म्हणाली, "मी गणितात नापास होणार, बाई. घरी कळले की काकांकडे पाठवतील." चौदा म्हणजे चाळीसच्या पस्तीस टक्के आणि आपल्याला तेराच, असा तिचा हिशेब होता. आम्ही पाटी घेतली. गणित भाग एक चाळीस, भाग दोन चाळीस, अंतर्गत मूल्यमापन वीस, असे मिळून शंभर, आणि उत्तीर्ण व्हायला त्या शंभरात पस्तीस. वर्षभराचे गृहपाठ आणि चाचण्या पाहता तिला अंतर्गत गुण पंधराच्या आसपास मिळतील अशी स्थिती होती. तेरा, अकरा आणि पंधरा मिळून एकोणचाळीस. म्हणजे जिची भीती होती ती गोष्ट, सगळे असेच राहिले तरी, घडत नव्हती. ती पाटीकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग रडली. त्या रात्री जेवली मात्र व्यवस्थित. मुलांची निम्मी भीती नियम ठाऊक नसल्याची असते आणि तो नियम सांगायचे आम्हांलाच सुचलेले नसते, हे त्या दिवशी आमच्या ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी तिची बीजगणिताची उत्तरपत्रिका घेऊन बसलो. गेलेले सत्तावीस गुण चार ढिगांत वाटायचे ठरवले. मुळात येतच नव्हते ते पहिल्या ढिगात. येत होते पण चिन्ह किंवा आकडा चुकला ते दुसऱ्यात. येत होते पण तिथवर पोहोचलीच नाही ते तिसऱ्यात. आणि उत्तर बरोबर असून सूत्र किंवा पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून कापले गेले ते चौथ्यात. अर्ध्या तासाने आकडे आले ते असे : बारा, सहा, सहा, तीन. म्हणजे गेलेल्या सत्तावीसपैकी पंधरा गुण तिला आधीच येत असलेल्या गणितांचे होते. पंचवीस दिवसांत नवे काही शिकलो नाही तरी हे पंधरा परत मिळवता येतात, हे तिचे तिलाच दिसले. आम्ही नुसते 'तुला जमेल' म्हणालो असतो तर तिने विश्वास ठेवला नसता, आणि ते बरोबरच झाले असते.

दुसऱ्या ढिगातले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे, कारण ही चूक दर वर्षी निम्म्या वर्गाची असते. समीकरण होते 2x² − 3x − 5 = 0. सूत्राने सोडवायचे. तिने b² − 4ac काढताना 9 − 40 लिहिले, उत्तर आले −31, आणि ऋण संख्येचे वर्गमूळ कसे काढणार म्हणून गणित तिथेच सोडले. c ची किंमत −5 आहे, त्यातले ऋण चिन्ह वाटेत सांडले होते. त्यावर उपाय एकच. a = 2, b = −3, c = −5 असे वेगळ्या ओळीत लिहायचे आणि किंमती कंसासह ठेवायच्या :

(−3)² − 4 × 2 × (−5) = 9 + 40 = 49

वर्गमूळ सात, आणि उकली 5/2 व −1. ही कंसाची एक ओळ लिहायला दहा सेकंद लागतात. शिवाय पुढे काही बिघडले तरी सूत्राचे आणि किंमती ठेवल्याचे गुण पदरात राहतात, म्हणजे चौथ्या ढिगाचीही सोय झाली. मुलीने ठरवले की पुढचे आठ दिवस रोज फक्त तीन वर्गसमीकरणे सोडवायची, पण कंसाशिवाय एकही नाही. आठव्या दिवशी हात आपोआप कंस काढू लागला. परीक्षेच्या दिवशी घाबरलेले मन नवी काळजी घेत नाही, हात सवयीने जे करतो तेच करते. म्हणून ही सवय महिनाभर आधी लावावी लागते.

तिसरा ढीग वेळेचा. चाळीस गुणांना दोन तास, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. चार गुणांच्या शाब्दिक उदाहरणाला बारा मिनिटे मिळतात. या मुलीने चौथ्या प्रश्नातल्या एका उदाहरणाशी चाळीस मिनिटे झुंज दिली होती, मिळाला होता एक गुण, आणि त्यापायी मागचे दोन-दोन गुणांचे प्रश्न कोरे राहिले होते. तिची जिद्द कौतुकाची होती, पण भाव फारच महाग पडला. आता आम्ही सगळ्यांना सांगतो की बारा मिनिटे झाली, वाट दिसत नाही, तर अर्धे पान मोकळे सोडून पुढे जा. २०२३ पासून प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी मिळत नाही, तीच दहा मिनिटे शेवटी वाढवून मिळतात. मोकळ्या पानाकडे परतायला ती आहेत. आणि गणितात 'कृती पूर्ण करा' हे प्रश्न कोणीही सोडू नये. दुसऱ्या प्रश्नातल्या चार आणि तिसऱ्यातल्या तीन गुणांच्या कृतींमध्ये गणिताची वाट छापूनच दिलेली असते, चौकटी तेवढ्या भरायच्या असतात. पहिल्या प्रश्नाचे एकेक गुणाचे आठ आणि हे सात, असे पंधरा गुण गणित 'न येणाऱ्या' मुलाच्याही आवाक्यातले असतात. गणितात कच्चा असलेला मुलगा शेवटच्या महिन्यात सगळा भर अवघड प्रकरणांवर देतो आणि याच पंधरांकडे दुर्लक्ष करतो, असे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

पहिल्या ढिगाचे, म्हणजे मुळातच न येणाऱ्या बारा गुणांचे, काय करायचे? स्पष्ट सांगायचे तर सगळे करायचे नाही. त्या मुलीने संभाव्यता आणि सांख्यिकी ही दोन प्रकरणे नव्याने केली, कारण त्यांत रीत ठरलेली असते. उरलेले सोडून दिले. विषयशिक्षकाने 'सोडून दे' म्हणणे आमच्यातल्या काहींना आजही रुचत नाही आणि दरवर्षी शिक्षकखोलीत त्यावर वाद होतो. नव्वदच्या पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलाला हा सल्ला लागू नाही, हे मान्य. पण सगळ्याच मुलांना तोच एक नकाशा देणे हे आम्ही पूर्वी करीत होतो, आणि त्याचा परिणाम आम्ही पाहिला आहे.

गणितात निदान वही उघडून आकडेमोड तरी होते. विज्ञान, इतिहास, भूगोल यांत मुले निव्वळ वाचत बसतात. तेच पान चौथ्यांदा वाचले की ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे आठवणे असा समज होतो. २००६ साली अमेरिकेत रोडिजर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. आपल्या परंपरेला यात नवल वाटू नये. बुद्धवचन कित्येक पिढ्या लेखनाशिवाय टिकले ते भिक्खूंच्या सज्झायाने, म्हणजे पुस्तकाविना एकमेकांसमोर म्हणून दाखवण्याने. आमच्या अभ्यासिकेत म्हणून साडेआठ ते नऊ या वेळात पुस्तके बंद असतात. दोघादोघांनी बसायचे, एकाने सांगायचे, दुसऱ्याने अडेल तिथे खूण करायची. तो अर्धा तास मुलांना मुळीच आवडत नाही. वाचताना येणारे सगळे तिथे येईनासे होते आणि लाज वाटते. ती लाज जानेवारीत मित्रासमोर वाटून गेलेली बरी.

रात्री साडेदहाला दिवे बंद होतात. या नियमावरून माजी विद्यार्थी आजही आमची थट्टा करतात, कारण पांघरुणात विजेरी घेऊन वाचणारे त्यांच्यातच होते. एका वर्षी आम्ही सात विजेऱ्या जप्त केल्या. आठवी आमच्याच शिपाईकाकांची निघाली, त्यांनी ती दयेपोटी दिली होती. मुले युक्तिवाद करतात की बाबासाहेब रात्री दोनला उठून अभ्यास करीत. खरे आहे. परळच्या चाळीतल्या त्या एका खोलीत दिवसा बसायला जागाच नव्हती. पण ते आधी झोपत. रामजीबाबा जागे राहत, दोन वाजता मुलाला उठवत आणि मग स्वतः अंग टाकत. झोप वगळलेली नव्हती, ती फक्त सरकवलेली होती. आपल्याकडे पाच वाजता उठून साडेपाचला वंदना होते, तेव्हा साडेदहाला झोपणाऱ्याला साडेसहा तास मिळतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला खरे तर हेही कमीच. म्हणून या महिन्यात दुपारी अर्धा तास पडायची सवलत देतो.

याच ठिकाणी आम्ही सोण कोळिविसाची कथा सांगतो. चंपानगरीच्या श्रीमंत घरातला हा तरुण भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. एवढे करूनही काही साधत नाही, तर घरी परतावे, असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला तो घरी असताना काय वाजवत असे ते विचारले. वीणा. तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? फार सैल सोडल्या तर? कथा सगळ्यांना पाठ असते. आम्ही त्यातल्या एका बारकाव्याकडे लक्ष वेधतो. तथागतांनी त्याला सगळ्यांसाठी ठरलेले माप दिले नाही, त्याच्या हाताला आधीच ठाऊक असलेल्या वीणेवरून त्यालाच ते ओळखायला लावले. आमच्या मुलांतही काहींची तार ताणलेली असते आणि काहींची लोंबत असते. साडेदहानंतर जागणारा आणि दुपारी क्रिकेटला पळणारा, दोघांना एकाच सभागृहात एकच उपदेश केला की पहिला आणखी ताणतो आणि दुसरा ऐकतच नाही. म्हणून भाषण संपल्यावर पुढचे तीन दिवस आम्ही प्रत्येकाला दहा मिनिटे वेगळे भेटतो. वेळ जातो, पण खरे काम तिथेच होते.

भीतीविषयी आम्ही मुलांशी आता खोटे बोलत नाही. 'घाबरू नका' हे शब्द आमच्या बोलण्यातून गेले आहेत. कारण सांगून कोणी घाबरायचे थांबत नाही, उलट घाबरलो म्हणजे आपले काही चुकले असे मुलाला वाटते. आम्ही काय होणार ते सांगतो. प्रश्नपत्रिका हातात येण्याच्या आधी छाती धडधडेल, तळवे गार आणि ओले होतील, तोंड कोरडे पडेल, कोणाला पुन्हा लघवीला जावेसे वाटेल. शरीर धावपळीची तयारी करते आहे, त्याला कळत नाही की धावायचे नाही, बसून लिहायचे आहे. ही लाट बहुतेकांची काही मिनिटांत ओसरू लागते. तोवर पाठ केलेले नाहीसे झाले असे वाटेल. ते नाहीसे झालेले नसते. या मिनिटांत करायच्या गोष्टी ठरवून ठेवाव्या लागतात. दोन्ही पावले जमिनीवर टेकवायची, श्वास सावकाश सोडत दहा उच्छ्वास मोजायचे, मग बैठक क्रमांक अंकी आणि अक्षरी लिहायचा, तो हॉल तिकिटाशी ताडून पाहायचा, आणि सगळ्यांत सोपा एक गुणाचा प्रश्न शोधून लिहायला लागायचे. लिहिणारा हात सुरू झाला की मन त्याच्या मागे येते. सकाळच्या आनापानाची दहा मिनिटे वर्षभर ज्यांनी खरोखर केली त्यांना हे सोपे जाते. ज्यांनी डोळे मिटून डुलक्या घेतल्या त्यांना कमी. आनापानाने भीती जाते असे आम्ही म्हणत नाही. भीती असताना श्वास कुठे आहे ते कळते, एवढेच.

आणि लाटेची सवय व्हावी म्हणून या पंचवीस दिवसांत आठ वेळा आम्ही सकाळी अकराला, शाळेच्या मोठ्या वर्गात, अनोळखी बाकावर, घड्याळ लावून पूर्ण पेपर घेतो. खिडकीबाहेर माग चालू असतात. एका मुलाने शांतता हवी म्हणून कानात कापूस घातला होता, तो आम्ही काढायला लावला. भिवंडीत परीक्षेच्या दिवशी माग थांबणार नाहीत.

मात्र एक मर्यादा ओळखायला हवी. एखादे मूल सलग कित्येक रात्री झोपत नाही, अन्न टाकते, सगळ्यांपासून तुटून बसते किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलते, तर ती परीक्षेची नेहमीची भीती नव्हे आणि आमच्या दहा मिनिटांचे ते काम नव्हे. त्याला एकटे सोडायचे नाही, घरी कळवायचे आणि डॉक्टरांकडे न्यायचे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आम्ही अभ्यासिकेच्या दारावर लावला आहे. तिथे दिवसरात्र कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. एका वर्षी एका मुलीला पेपर बुडवूनही घरी पाठवावे लागले. जुलैच्या परीक्षेत ती बसली आणि त्याच वर्षी अकरावीला गेली. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळतो, हेही आम्ही परीक्षेच्या आधीच सांगतो. नापासाविषयी आधी बोलू नये, अपशकुन होतो, असे एक पालक म्हणाले होते. आम्ही त्यांना चहा दिला आणि विषय तसाच पुढे नेला.

पालकांना आम्ही फार सांगत नाही. रोज रात्री एक वडील पाळी संपवून दहा वाजता कार्यालयाच्या फोनवर फोन करीत आणि विचारीत, "झाला का अभ्यास?" मुलगा हो म्हणे आणि फोन ठेवल्यावर तासभर नुसता बसून राही. आम्ही त्यांना विनंती केली की उद्यापासून 'जेवलास का' एवढेच विचारा. त्यांना ते पटले नाही, कारण अभ्यासाचे विचारले नाही तर बाप कसला, असे त्यांचे म्हणणे. तरी त्यांनी केले. चौथ्या दिवशी मुलगा आपणहून फोनवर सांगू लागला की आज भूगोलाचे नकाशे झाले.

परीक्षेच्या चार दिवस आधी सगळ्यांना घेऊन आम्ही एकदा केंद्रावर जाऊन येतो, साडेनऊला निघून, खऱ्या वेळेला. साडेदहाला केंद्रात हजर राहायचे असते आणि नाक्यावर एखादा कंटेनर आडवा झाला तर दोन किलोमीटरला तास लागू शकतो, हे भिवंडीकरांना सांगायला नको. त्या फेरीत मुले फाटक पाहतात, पाण्याची जागा, स्वच्छतागृह, आपली इमारत पाहतात. अनोळखी फाटकाची भीती तेवढी कमी होते. जप्त केलेल्या विजेऱ्या आम्ही त्याच संध्याकाळी परत देतो. तोवर त्यांची कोणाला गरज उरलेली नसते.

ज्या मुलीला बीजगणितात तेरा मिळाले होते तिला मंडळाच्या परीक्षेत गणितात अठ्ठावन्न मिळाले. तिची पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका, चार ढिगांच्या लाल, निळ्या, हिरव्या आणि पेन्सिलीच्या खुणांसह, तिने शाळेलाच दिली. तीच आम्ही २६ जानेवारीला फिरवतो. आता तिच्या घड्या फाटत आल्या आहेत, मागून चिकटपट्टी लावली आहे.

पेपरच्या दिवशी आम्ही मुलांना फाटकापर्यंत सोडतो. शेवटच्या क्षणी कोणी सूत्र विचारले तर उत्तर देत नाही, पाण्याची बाटली आणि हॉल तिकीट आहे ना एवढेच पाहतो. अकराची घंटा होते, फाटक बंद होते. समोरच्या टपरीवर आम्ही पाच जण चहा घेतो. त्या दोन तासांत कोणी फारसे बोलत नाही. आमच्यापैकी एकजण दर बारा मिनिटांनी घड्याळ पाहतो.